शाळेत मूल भाजलं तर पालकांसमोर मुख्याध्यापकांनी काय बोलावं

खेड्यातल्या जिल्हा परिषद शाळेत एखाद्या मुलाला दुखापत झाली, तर बातमी शाळेच्या फाटकाबाहेर पडायला पाच मिनिटंही लागत नाहीत. दुपारी वरण सांडून मुलीचा हात भाजला असेल, तर संध्याकाळी पारावर ‘पोरगी नागपूरले नेली’ इथपर्यंत गोष्ट पोचते. दुसऱ्या दिवशी पालक शाळेत जमतात तेव्हा प्रत्येकाच्या डोक्यात वेगळी घटना असते. त्या वेळी मुख्याध्यापकांचं पहिलं काम सगळ्यांसमोर एकच खरी घटना ठेवणं, आणि दुसरं काम उद्यापासून काय बदलणार हे डोळ्यांना दिसेल अशा शब्दांत सांगणं. हे बोलणं दहा मिनिटांत आटोपतं, पण त्याची तयारी आदल्या दुपारपासून करावी लागते.

हा लेख एकाच प्रकारच्या अपघाताभोवती लिहिला आहे. शालेय पोषण आहार वाढताना गरम वरण अंगावर सांडणं हा तो प्रकार. पडणं, खरचटणं, बेंचमध्ये बोट चेमटणं हे नेहमीचंच असतं आणि पालकही ते समजून घेतात. भाजण्याचं तसं नाही. जेवण शाळेने दिलेलं, वरणाचं मोठं भांडं म्हणजे गंज शाळेचा, वाढणारी बाई गावातलीच. त्यामुळे ‘चूक कोणाची’ हा प्रश्न लगेच माणसांवर येतो.

समजावून सांगायला एक नमुना प्रसंग धरू. यवतमाळकडचं एक गाव, पहिली ते सातवीची शाळा, नोव्हेंबर महिना. कापूस वेचणी जोरात असल्याने आई-बाप दोघंही वावरात. दुपारच्या सुट्टीत दोन स्वयंपाकी बाया शेडमधून वरणाचा गंज उचलून वऱ्हांड्यात आणत होत्या. गंज काठोकाठ भरलेला, कडी गरम म्हणून फडक्याने धरलेली. त्याच वाटेने मुलं नळावर हात धुवायला जात होती. एक मूल मध्ये आलं, बाईचा पाय पायरीवर अडखळला, गंज कलला आणि रांगेत उभ्या चौथीतल्या मुलीच्या उजव्या हातावर वरण सांडलं.

त्याच दुपारी: आधी हात, मग कागद

वरण पाण्यापेक्षा घट्ट. ते कातडीवर चिकटून राहतं, वर फोडणीचं तेल असतं, म्हणून उष्णता जास्त वेळ धरून ठेवतं. अशा वेळी पहिला उपचार म्हणजे भाजलेला भाग वाहत्या थंड पाण्याखाली पूर्ण २० मिनिटं धरणं. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, हळद नाही, शाई नाही. बांगडी आणि मनगटावरचा दोरा सूज यायच्या आत काढायचा. कापड कातडीला चिकटलं असेल तर ओढायचं नाही. फोड फोडायचा नाही. मग स्वच्छ, बिनरोव्याचं सुती कापड सैल झाकून दवाखान्यात न्यायचं. नळ नसेल तर मगाने पाणी ओतत राहिलं तरी चालतं. भाजल्यावर तीन तासांच्या आत केलेल्या या थंडाव्याचा उपयोग होतो, म्हणून सुरुवातीला थोडा उशीर झाला तरी पाणी टाळू नये. आपल्याकडे एक गोष्ट ध्यानात ठेवावी: एप्रिलच्या दुपारी छतावरच्या प्लास्टिक टाकीतलं पाणीच चटका देतं. तेव्हा हातपंपाचं किंवा रांजणातलं पाणी वापरावं.

हे उपचाराचं तपशीलवार सांगायचं कारण असं की पालकसभेत सर्वांत आधी यावरच बोट ठेवलं जातं. बाहेरून पाहणाऱ्याला मास्तर मुलीला दवाखान्यात न नेता नळापाशी उभं ठेवून वेळ घालवताहेत असं दिसतं. ती २० मिनिटं म्हणजेच उपचार होता, हे सांगायला मुख्याध्यापकांना स्वतः ते पक्कं ठाऊक असावं लागतं.

मुलगी दवाखान्याकडे निघाली की जो शिक्षक शाळेत राहिला त्याने घड्याळाप्रमाणे नोंद करायची. घटना डोळ्यांनी पाहिलेल्या प्रत्येकाशी वेगवेगळं बोलायचं. एकत्र बसवलं की पहिल्याचं ऐकून दुसरा तेच सांगतो. स्वयंपाकी बाईला ‘तू काय केलंस’ असं विचारू नये. ‘गंज कुठून उचलला, कुठे ठेवणार होता, वाटेत कोण होतं’ असं विचारलं की ती घाबरत नाही आणि खरं सांगते. आमच्या प्रसंगातली नोंद अशी झाली:

१.४० – वऱ्हांड्याच्या पायरीवर गंज कलला, वरण सांडलं.
१.४२ ते २.०२ – हात नळाखाली. बांगड्या काढल्या.
१.५० – वडिलांना फोन, रेंज नाही. आईकडे फोन नाही.
१.५५ – शेजारच्या वावरातल्या एका पालकामार्फत निरोप.
२.१० – मॅडम मुलीला घेऊन एका पालकाच्या ऑटोने निघाल्या.
२.३० – प्राथमिक आरोग्य केंद्र. ड्रेसिंग.
३.१५ – वडील केंद्रात पोचले.
४.०० – मुलगी घरी.

या आठ ओळी म्हणजे उद्याच्या भाषणाचा कणा. त्याच दिवशी यावरून केंद्रप्रमुखांना आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं, आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांना प्रत्यक्ष भेटून सांगायचं. वरिष्ठांना दुसऱ्याकडून कळलं, तर दुसऱ्या दिवशी सभा बाजूला राहते आणि खुलासे लिहिण्यातच मुख्याध्यापकांचा दिवस जातो.

पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर संध्याकाळी पाचच्या आत एक मजकूर टाकावा, तोही एवढाच: ‘आज दुपारी जेवण वाढताना एका विद्यार्थिनीच्या हातावर गरम वरण सांडलं. लगेच प्रथमोपचार करून आरोग्य केंद्रात नेलं. ड्रेसिंग होऊन ती घरी आहे. इतर कोणालाही इजा नाही. उद्या संध्याकाळी साडेसहाला शाळेत सर्व पालकांना पूर्ण माहिती देऊ. मुलीचे फोटो कृपया कोणी टाकू नयेत.’ नाव लिहायचं नाही. गावाला नाव कळलेलंच असतं, तरी शाळेच्या हातून ते लेखी जाऊ नये. गटावर प्रश्नोत्तरं करत बसू नये. ‘उद्या समोर बोलू’ एवढंच उत्तर द्यावं.

रात्री त्या घरी

सभेच्या आधी मुलीच्या घरी जायचंच. सोबत एक मॅडम असावी, पुढाऱ्यांचा लवाजमा नसावा. आई-बापांना सगळी घटना आधी, एकट्यात आणि पूर्ण सांगायची, वर दिलेल्या वेळांसकट. चारचौघांत त्यांना पहिल्यांदा काही नवीन कळणं हा त्यांच्यावर दुसरा आघात असतो. मग त्यांना विचारायचं: उद्या सभेत तब्येतीबद्दल किती सांगू? डॉक्टर काय म्हणाले ते सांगू का? तुम्हाला यायचं आहे का, की घरीच थांबणार? ते नाही म्हणाले तर तेवढंच झाकायचं.

दुखापत केवढी हे मुख्याध्यापकांनी स्वतःच्या शब्दांत मोजू नये. ‘एवढं काही नाही, चार दिवसांत बरी होईल’ हे वाक्य आईला दिलासा म्हणून बोललं जातं आणि पाचव्या दिवशी जखमेत पाणी झालं की तेच शाळेच्या अंगावर येतं. डॉक्टरांनी जे पाहिलं आणि पुन्हा कधी बोलावलं, तेवढंच सांगावं. डाग राहील की नाही, यावर तर अजिबात बोलू नये. ते डॉक्टरांनाही पहिल्या दिवशी ठरवता येत नाही.

पैशांचा विषय याच भेटीत निघतो. राज्याची राजीव गांधी विद्यार्थी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे, पण तिच्या अटी आधी तपासाव्यात. खात्री नसताना ड्रेसिंगच्या खर्चासाठी तिचं नाव घेऊन आशा दाखवणं बरोबर नाही. मलम-पट्टीचा आणि येण्या-जाण्याचा खर्च शाळेने कसा उचलायचा, हे समिती अध्यक्षांशी आधी बोलून ठरवावं आणि ठरलं असेल तेवढंच सांगावं.

सभेची वेळ आणि बसण्याची तऱ्हा

वेचणीच्या दिवसांत सकाळी दहाची सभा म्हणजे पालकांची दिवसाची मजुरी बुडवणं. संध्याकाळी साडेसहा बरं. आठवडी बाजाराचा दिवस टाळावा. ओलिताची लाईन रात्री असेल तर माणसं आठनंतर हरभऱ्याला पाणी द्यायला जातात, म्हणून पाऊण तासात सभा उरकेल असंच नियोजन करावं. ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून निरोप द्यावा, पण त्यात अपघाताचं वर्णन नको.

बसायला सतरंजी आणि सगळ्यांसाठी एकच पातळी. मंचावर खुर्च्या मांडल्या की सरपंच, माजी सरपंच, सदस्य यांची नावं घ्यावी लागतात आणि पहिली पाच मिनिटं त्यातच जातात. दीपप्रज्वलन, हार, प्रास्ताविक काही नको. बाया मागे बसतील. त्यांना पुढे बोलावून घ्यावं, कारण मुलांच्या जेवणाबद्दलचे खरे प्रश्न त्यांच्याकडेच असतात. शाळा व्यवस्थापन समितीत शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे किमान तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात आणि निम्म्या महिला. त्या सभेत समितीने मुख्याध्यापकांच्या बाजूला न बसता पालकांमध्ये बसावं.

स्वयंपाकी बायांना सभेला बोलवावं की नाही? माझं मत स्पष्ट आहे: आधी विचारावं, आग्रह करू नये, आणि आल्या तर त्यांना उभं करून बोलायला लावू नये. बहुतेक गावांत हे काम महिला बचत गटाकडे असतं आणि ते काम कोणत्या गटाला मिळावं यावर गावात दोन पार्ट्या असतात. अपघाताच्या सभेत तो जुना वाद उकरून काढायला कोणीतरी टपलेलं असतं. मुख्याध्यापकांच्या तोंडून बाईचं नाव निघालं की सभा त्या वादाचीच होते आणि मुलीचा हात बाजूला राहतो.

कारण शोधताना

भाषण लिहिण्याआधी मुख्याध्यापकांनी दुसऱ्या दिवशी सुट्टीच्या वेळी त्या जागी स्वतः उभं राहावं. आमच्या प्रसंगात उभं राहिल्यावर दिसतं ते असं: शेडपासून वऱ्हांड्यापर्यंत एकच वाट, आणि नळही त्याच वाटेवर. मुलांना सोडायची घंटा आणि गंज उचलायची वेळ एकच. पायरीची कड फुटलेली. गंज काठोकाठ, कारण दुसरं भांडं आणलं तर दोन फेऱ्या होतात. हे सगळं दिसल्यावर ‘मूल मध्ये पळालं’ हे कारण आपोआप खाली येतं. मूल पळणारच, ते सात वर्षांचं आहे. त्या मुलाची आईसुद्धा सभेत बसलेली असते, हेही विसरू नये.

ज्याची खात्री नाही ते ‘अजून पाहतोय’ म्हणून वेगळं ठेवावं. पायरी आधीच फुटली होती की त्याच दिवशी, यावर दोन मतं असतील तर दोन्ही सांगू नयेत. पायरी फुटलेली होती आणि ती बुजवतो आहोत, एवढं पुरे.

बदल ठरवताना

बदल चारपेक्षा जास्त नकोत. प्रत्येकाला एक माणूस आणि एक तारीख हवी, आणि पालकाने जेवणाच्या वेळी शाळेत येऊन पाहिलं तर ते डोळ्याला दिसलं पाहिजे. ‘यापुढे काळजी घेऊ’ हे असं पाहता येत नाही, म्हणून ते बदलांत मोजू नये.

वाटेसाठी सर्वांत सोपा आणि बिनखर्चाचा बदल म्हणजे क्रम उलटा करणं. आधी गंज जागेवर, मग घंटा. गंज वऱ्हांड्याच्या टोकाला भिंतीलगत बाकड्यामागे ठेवला, झाकण लावलं, की मगच वर्ग सोडायचे. तोवर मुलं वर्गातच. यासाठी दहा मिनिटं लागतात, पण त्याच दहा मिनिटांत वरण उकळीवरून उतरतं. मुलांनी हात धुवायचे ते गंजाच्या विरुद्ध बाजूने, हातपंपावर. रांग लावून गंजापाशी यायचंच नाही. मुलं पंगतीत बसतील आणि छोट्या बादलीतून वाढणारी बाई त्यांच्यापर्यंत जाईल. बादली अर्धी भरायची. अर्धी बादली कलंडली तरी वरण बाईच्या पायापुरतंच सांडतं, मुलाच्या खांद्यावर येत नाही.

गंज तीन चतुर्थांशच भरायचा, त्यासाठी दुसरा गंज लागतो. तो शाळेकडे नसेल तर कोणाच्या लग्नातला मिळतो का, हे समितीतल्या बायांना विचारावं. ही मदत गावाकडे मागायला लाज नको.

फोनचा बदल आमच्या भागात विशेष गरजेचा. वावरात रेंज नसते, बापाचा फोन बंद असतो, आईकडे नसतोच. प्रत्येक मुलामागे दोन नंबर घ्यायचे. दुसरा नंबर गावात दिवसभर राहणाऱ्या माणसाचा असावा, म्हणजे आजी, किराणा दुकानदार, अंगणवाडी सेविका. सभेतच वही फिरवून हे भरून घेतलं तर लोकांना पहिला बदल तिथेच झालेला दिसतो.

आणि जे हातात नाही ते सांगावंच. नवीन किचन शेड, वेगळी वाट, नळाची जागा ही कामं पंचायत समिती आणि ग्रामपंचायतीकडून होतात. ‘पत्र दिलंय, ही त्याची पोच’ असं म्हणावं. ‘महिन्याभरात शेड होईल’ असं म्हणू नये, कारण झालं नाही तर खोटं शाळेचं ठरतं.

भाषण

खाली नमुना भाषण पूर्ण दिलं आहे. ते कागदावर मोठ्या अक्षरांत लिहावं आणि बघून वाचावं. बघून वाचण्यात कमीपणा नाही. वेळा चुकत नाहीत, राग आला तरी वाक्य बदलत नाही. सात-आठ मिनिटांत संपतं. प्रत्येक परिच्छेदानंतर थांबून समोर पाहावं.

‘नमस्कार. काल दुपारी आपल्या शाळेत जेवण वाढताना चौथीतल्या एका मुलीच्या हातावर गरम वरण सांडलं. मुलगी घरी आहे, आईजवळ आहे. काल रात्री आणि आज सकाळी मी तिला भेटलो. तिचा उजवा हात मनगटाच्या वर भाजला आहे, दोन जागी फोड आहेत. डॉक्टरांनी ड्रेसिंग केलं आहे आणि परवा पुन्हा दाखवायला सांगितलं आहे. परवा मॅडम तिच्यासोबत जातील. हे मी तिच्या आई-वडिलांना विचारूनच तुम्हाला सांगतो आहे. दुसऱ्या कोणत्याही मुलाला इजा झालेली नाही.

आता काय झालं ते घड्याळाप्रमाणे सांगतो. एक चाळीसला वरणाचा गंज शेडमधून वऱ्हांड्यात येत होता. त्याच वेळी मुलं हात धुवायला निघाली होती. पायरीजवळ गंज कलला आणि वरण रांगेतल्या मुलीच्या हातावर सांडलं. मॅडमनी लगेच तिचा हात नळाखाली धरला आणि वीस मिनिटं धरून ठेवला. काहींना वाटलं असेल की तेव्हाच दवाखान्यात का नेलं नाही. भाजल्यावर पहिला उपचार हाच आहे. वीस मिनिटं पाणी घातल्याने भाजणं आत जाणं कमी होतं. घरी चुलीपाशी किंवा चहाने कोणी भाजलं तर तुम्हीही हेच करा. टूथपेस्ट किंवा हळद लावू नका. त्यानंतर दोन दहाला ऑटो निघाला आणि अडीचला आरोग्य केंद्रात पोचला. ज्या भाऊंनी ऑटो काढला त्यांचे आभार. वडिलांना एक पन्नासला फोन केला, रेंज नव्हती. निरोप पोचून ते सव्वातीनला आले. त्या जवळपास दीड तासात त्यांच्या मुलीला शाळेच्या माणसांसोबत राहावं लागलं, याचं मला वाईट वाटतं.

हे शाळेच्या वेळेत, शाळेच्या जेवणात झालं. म्हणून जबाबदारी शाळेची आणि मुख्याध्यापक म्हणून माझी आहे. कोणत्याही मुलाची नाही, आणि वाढणाऱ्या बायांची एकट्याची नाही. मी आज त्या जागी उभा राहून पाहिलं. गरम गंजाची आणि मुलांची वाट एक होती, वेळही एक होती. ती आम्ही बदलली पाहिजे होती.

उद्यापासून हे बदल होतील. एक, गंज जागेवर ठेवून झाकण लावल्याशिवाय सुट्टीची घंटा होणार नाही. घंटा देण्याचं काम उद्यापासून पाचवीच्या सरांकडे आहे. ते गंज पाहूनच घंटा देतील. दोन, मुलं गंजापाशी रांग लावणार नाहीत, पंगतीत बसतील, आणि हात धुतील ते हातपंपावर. तीन, गंज काठोकाठ भरणार नाही आणि वाढायला छोटी बादली अर्धीच भरली जाईल. चार, प्रत्येक मुलामागे दोन फोन नंबर घेऊ. वही इथे आहे, आजच भरा. पायरी रविवारी बुजवतो आहोत.

शेडची वाट वेगळी करण्यासाठी मी ग्रामपंचायतीला आणि पंचायत समितीला आज पत्र दिलं आहे. ते कधी होईल हे माझ्या हातात नाही, म्हणून तारीख देत नाही. उत्तर आलं की सूचना फलकावर लावीन.

एक विनंती. मुलीचा फोटो कोणाकडे असेल तर पुढे पाठवू नका. ती शाळेत परत येईल तेव्हा घरी तुमच्या मुलांना सांगून ठेवा, तिला पट्टीबद्दल विचारून हैराण करू नका. आता तुमचे प्रश्न विचारा.’

या भाषणात काही गोष्टी मुद्दाम आहेत. मुलीची तब्येत पहिल्या अर्ध्या मिनिटात येते, कारण ती कळेपर्यंत कोणी पुढचं ऐकत नाही. ‘जबाबदारी शाळेची’ हे वाक्य विचारायच्या आत येतं. ते लोकांनी काढून घेतलं तर हार वाटते, आधी दिलं तर सभेचा ताण उतरतो. त्याच वाक्यानंतर लगेच बदल सुरू होतात, मध्ये शाळेच्या निकालांची किंवा शिष्यवृत्तीची यादी येत नाही.

प्रश्न आल्यावर

प्रश्न तीनच असतात, फिरून फिरून तेच. ‘वीस मिनटं नळापाशी काहून ठेवली पोरीले?’ याचं उत्तर भाषणात दिलेलं असलं तरी पुन्हा तेवढ्याच शांतपणे द्यावं. ‘सांगितलं ना’ म्हणू नये. जमत असेल तर आरोग्य सेविकेला सभेला बोलवावं. तिने दोन वाक्यांत हेच सांगितलं की गावाला पटतं.

‘त्या बाईले काढून टाका ना सर.’ याला उत्तर: ‘आजची सभा मुलीबद्दल आणि उद्याच्या जेवणाबद्दल आहे. कामाबद्दल तक्रार असेल तर लेखी द्या, समितीच्या बैठकीत विषय म्हणून घेऊ आणि दोन्ही बाजू ऐकू.’ एवढं बोलून पुढच्या माणसाकडे वळायचं. बाईची बाजू मांडत बसलं तरी वाद वाढतो.

‘आमी आता पोराले घरूनच डबा देतो.’ याला अडवू नये. ‘द्या, पण आठवड्यात एक दिवस येऊन जेवणाची वेळ पाहून जा, मग ठरवा’ असं म्हणावं. वाढण्याआधी चव पाहून नोंदवहीत सही करायची पद्धत शाळेत असतेच. त्या वेळी रोज एका पालकाला बोलवावं, आई असेल तर फारच चांगलं. चव पाहायला आलेली आई गंज कुठे ठेवला, घंटा कधी झाली हेही पाहून जाते.

कधी कोणी मोठ्याने बोलतो, तक्रारीची, पोलिसांची भाषा करतो. त्याला अडवू नये आणि समजावायलाही जाऊ नये. ‘तो तुमचा हक्क आहे, मी नोंद आणि वेळा द्यायला तयार आहे’ एवढं म्हणून त्याला पाणी द्यावं. आठ ओळींची नोंद हाताशी असेल तर मुख्याध्यापकांना घाबरायचं कारण नसतं. मुलीचे वडीलच रागावले असतील तर मात्र त्यांच्या बोलण्याला उत्तर देऊ नये. ऐकून घ्यावं आणि सभा संपल्यावर त्यांच्यासोबत घरापर्यंत चालत जावं.

सभा बिघडते आहे हे एका गोष्टीवरून कळतं: लोक मुख्याध्यापकांकडे न बघता एकमेकांकडे वळून बोलू लागतात. तेव्हा आवाज चढवू नये. फोन नंबरांची वही हातात घेऊन एकेका पालकापाशी जावं, नंबर विचारावा, लिहावा. लोक उत्तर देऊ लागतात आणि मागची कुजबुज आपोआप कमी होते.

सभेनंतरचे आठ दिवस

दुसऱ्याच दिवशी जेवणाच्या वेळी मुख्याध्यापकांनी स्वतः वऱ्हांड्यात उभं राहावं. पहिल्या दिवशी घंटा लवकर वाजेलच, सवयीने. तेव्हा मुलांना परत वर्गात पाठवावं आणि गंज ठेवून झाल्यावर पुन्हा घंटा द्यावी. तीन दिवसांत क्रम बसतो. पंगतीतून वाढायला वेळ जास्त लागतो, सुट्टी अपुरी पडते, म्हणून पहिली-दुसरीची मुलं आधी बसवावीत.

मुलीला परत दाखवायला मॅडम गेल्या की डॉक्टर काय म्हणाले ते पालकांना विचारून गटावर एका ओळीत कळवावं. ताप आला, जखमेभोवती लाली वाढली, वास येऊ लागला, तर तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना; हे आई-वडिलांना लिहून द्यावं. मुलगी शाळेत आल्यावर तिला काही दिवस खेळाच्या तासाला सावलीत बसू द्यावं, नवीन कातडीला ऊन सोसत नाही. उजवा हात असेल तर लिहायचा आग्रह नको, तोंडी घ्यावं. पंगतीत ती मागे सरकून बसत असेल तर तिला भिंतीकडची जागा द्यावी आणि तिच्या पानात वाढताना बादली समोरून न नेता वाटीत काढून आणून द्यावी.

आठव्या दिवशी सूचना फलकावर चार बदलांची यादी लावावी: झालं ते झालं म्हणून, राहिलं ते का राहिलं म्हणून. पायरी बुजवली. नंबर भरले, इतके बाकी. दुसरा गंज मिळाला किंवा नाही. पंचायत समितीचं उत्तर आलं नाही, स्मरणपत्र दिलं, जावक क्रमांक अमुक. सभेचं इतिवृत्त समितीच्या वहीत लिहून अध्यक्षांची आणि उपस्थित पालकांची सही घ्यावी, आणि त्याची प्रत पहिल्या अहवालासोबत केंद्रप्रमुखांकडे पाठवावी.